संप्रेरक स्वतः जनुकाला हात लावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच स्टेरॉइड औषधांवर एक लेख आला होता. त्यात 'हे संप्रेरक पेशीच्या केंद्रकात शिरते, जनुकाला चिकटते आणि ते चालू करते' असे वाक्य होते व शेजारी कुलूप-किल्लीचे चित्र होते. बाकीचा लेख नेटका होता, म्हणूनच या वाक्याबद्दल लिहितो आहे. जीवरसायनशास्त्र शिकवताना हेच वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा खोडले आहे की ते छापलेले पाहून हात आपोआप लाल पेनाकडे गेला.

डीएनएला संप्रेरक चिकटत नाही. चिकटतो तो त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्या संप्रेरकाला धरणारे पेशीतले प्रथिन. आपल्या अधिवृक्क ग्रंथीत तयार होणारे कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक घ्या. ते मेदात सहज विरघळणारे असल्याने पेशीच्या आवरणातून आरपार आत येते. त्याचा रिसेप्टर, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, हे ७७७ अमिनो आम्लांचे प्रथिन असून संप्रेरक नसताना ते बहुतांशी केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असते. तेथे एचएसपी-९० आणि आणखी काही साहाय्यक प्रथिने त्याला अशा घडीत धरून ठेवतात की त्याची संप्रेरकासाठीची खोबण उघडी राहावी. कॉर्टिसॉल त्या खोबणीत बसले की रिसेप्टरचा आकार बदलतो, त्याच्या अंगावरचा केंद्रकात प्रवेश देणारा भाग मोकळा होतो आणि काही मिनिटांतच तो केंद्रकाच्या छिद्रांतून आत ओढला जातो. पुढचे काम त्याचेच. त्याच्या मधल्या भागात जस्ताचे दोन अणू आहेत, प्रत्येक अणू सिस्टीन या जातीच्या चार अमिनो आम्लांनी धरलेला. त्यांच्या आधाराने दोन बोटे तयार होतात, त्यांतले पहिले डीएनएच्या खाचेत उतरते आणि तेथील अक्षरे चाचपते. शोध असतो तो AGAACA, मग कोणतीही तीन अक्षरे, मग TGTTCT अशा किंवा याच्या जवळपासच्या ओळीचा. या ओळीचे दोन अर्धे एकमेकांची उलटी प्रतिबिंबे आहेत, कारण तेथे दोन रिसेप्टर जोडीने बसतात, एकेका अर्ध्यावर एकेक. सारा वेळ कॉर्टिसॉल रिसेप्टरच्या पोटात असते, डीएनएपासून दूर.

म्हणूनच या रिसेप्टरांना 'संप्रेरकाने जागे होणारे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' म्हणतात. जनुकाची नक्कल काढायची की नाही, हे ठरवण्यात ते स्वतः भाग घेतात. निरोप पोहोचवून बाजूला होणाऱ्या हरकाऱ्याचे काम त्यांच्याकडे नाही.

हा फरक पुस्तकी नाही, तो घड्याळात दिसतो. दम्याचा झटका आलेल्या रुग्णाला सॅल्ब्युटामॉलचा पंप दिला की काही मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागतो, कारण त्याचा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर आहे आणि पुढची साखळी आधीच तयार असलेल्या प्रथिनांतून धावते. त्याच वेळी दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा गुण यायला मात्र काही तास लागतात. हा वेळ गोळी पोटात विरघळण्यात जातो असे अनेकांना वाटते, पण तेच औषध शिरेतून दिल्यानेही वाट पाहणे फारसे कमी होत नाही. रिसेप्टर केंद्रकात जाण्याची मिनिटे यात नगण्य आहेत. खरा वेळ त्यानंतर जातो: काही जनुकांच्या एमआरएनए नावाच्या नकला निघाव्या लागतात, त्यांवरून नवी प्रथिने बनावी लागतात, दाह वाढवणाऱ्या जनुकांचे काम रोखले जावे लागते आणि त्या जनुकांनी आधी बनवून ठेवलेली प्रथिने झिजून संपावी लागतात. म्हणून झटक्यात स्टेरॉइड लवकर सुरू करतात आणि तोवर पंपावर भागवतात. उलट बाजूनेही हेच दिसते. प्रेडनिसोलोन रक्तातून काही तासांत ओसरते, पण त्याचा परिणाम १२ ते ३६ तास टिकतो, कारण घडलेली प्रथिने मागे उरलेली असतात.

हा परिणाम खरोखर जनुकांमार्गे होतो, हे ओळखायचे कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारत आणि तो रास्त आहे. पेशींना संप्रेरकाबरोबर ॲक्टिनोमायसिन दिले तर आरएनए बनणे थांबते. जनुकांतून येणारा परिणाम त्याबरोबर नाहीसा होतो. सायक्लोहेक्झिमाइड दिले तर आरएनए बनतो पण प्रथिन बनत नाही. अशा अवस्थेतही एखाद्या जनुकाचा एमआरएनए वाढला, तर रिसेप्टरने ते जनुक थेट हाताळले, मध्ये दुसऱ्या नव्या प्रथिनाची गरज लागली नाही, असे मानता येते. दुसरी चाचणी मला नेहमीच जास्त सुंदर वाटत आली आहे.

आता कुलूप-किल्लीच्या चित्राविषयी. त्यावरून असा समज होतो की खोबणीत काहीतरी बसले आणि रिसेप्टर केंद्रकात पोहोचला की काम झाले. मिफेप्रिस्टोन हे औषध या समजाला छेद देते. ते ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या खोबणीत कॉर्टिसॉलपेक्षाही घट्ट बसते. रिसेप्टर त्याला घेऊन केंद्रकात जातो, डीएनएवर बसूही शकतो, तरी जनुक बहुधा चालू होत नाही. कॉर्टिसॉल बसल्यावर रिसेप्टरच्या टोकाकडचे एक सर्पिल खोबणीवर झाकणासारखे मिटते आणि त्याच्या पाठीवर सहप्रेरक प्रथिनांना बसायला जागा तयार होते. ही प्रथिने डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करून नक्कल काढणारी यंत्रणा तेथे आणतात. मिफेप्रिस्टोनच्या रेणूला एक जाडसर फांदी आहे, ती त्या झाकणाला मिटूच देत नाही. सहप्रेरकांची जागा तयार होत नाही, उलट जनुक दाबून ठेवणारी प्रथिने येऊन बसतात. एकंदरीत केंद्रकात जाणे ही अट आहे, पण ती पुरेशी नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. पेशीद्रवात थांबून राहण्याचे हे वर्णन सर्व स्टेरॉइड रिसेप्टरांना लागू नाही. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर संप्रेरक येण्याआधीही मुख्यतः केंद्रकातच असतो. शिवाय स्टेरॉइडांचे काही परिणाम मिनिटांत दिसतात, त्यांना जनुकांची वाट बघावी लागत नाही. माझे म्हणणे त्यांच्याविषयी नाही.

मिफेप्रिस्टोनला २०१२ मध्ये अमेरिकेत कुशिंग विकाराच्या काही रुग्णांतील वाढलेल्या रक्तशर्करेसाठी मान्यता मिळाली. या विकारात शरीरात कॉर्टिसॉलचा अतिरेक असतो. औषध रिसेप्टर अडवते, कॉर्टिसॉल कमी करत नाही. उलट मेंदूवरचा कॉर्टिसॉलचा लगाम सुटल्याने ते बरेचदा आणखी वाढते. त्यामुळे मात्रा जास्त होऊन रुग्णाला मळमळ, गळाठा, रक्तदाब उतरणे अशी कॉर्टिसॉलच्या अभावाची लक्षणे दिसू लागली, तरी रक्ततपासणीत कॉर्टिसॉलचा आकडा भरपूरच येतो. तो आकडा पाहून निर्धास्त झालेला डॉक्टर फसतो. अशा वेळी लक्षणांवर विसंबून औषध थांबवतात आणि अडवलेल्या रिसेप्टरवर मात करण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देतात.

आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक