मालकाची गरज हरली, तरी खोली गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींतल्या भाडेकरूंबद्दल आपल्या अंकात वाचकांची पत्रे येत असतात. बहुतेकांचा सूर एकच: मालकाला जागा ‘स्वतःसाठी’ हवी असते, म्हणून तो भाडेकरूला बाहेर काढतो. लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपल्या धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात, वकिलांकडे कारकून म्हणून माझा जन्म गेला. तिथे जे पाहिले त्यावरून सांगतो, मालकाची गरज हे भाडेकरूचे सर्वांत मोठे दुखणे नव्हे. त्या लढाईत भाडेकरूच्या हातात बऱ्यापैकी शस्त्रे असतात. तो मरतो तो पोटभाडेकरूच्या मुद्द्यावर, आणि बहुतेक वेळा आपण पोटभाडेकरू ठेवला आहे हे त्याच्या गावीही नसते.

एक दावा सांगतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ठाकूरद्वारच्या बाजूची एक चाळ, दुसरा मजला, पावणेदोनशे चौरस फुटांची खोली. महिन्याचे भाडे दोनशेच्या आत. वडील वारल्यावर पावती मुलाच्या नावावर झाली, त्याबद्दल मालकाची तक्रार नव्हती. पुढे मुलाने डोंबिवलीत कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि बायकामुलांना घेऊन तिकडे गेला. आई मात्र चाळ सोडायला तयार नव्हती. मग तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, जिने चढणे बंद झाले, तीही डोंबिवलीला गेली. खोलीला कुलूप लागले.

इथे कोणीतरी त्या गृहस्थांना सांगितले की कुलूप लावून ठेवू नका, मालक त्याच्यावरच दावा करेल. हे खरेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १६ मध्ये तशी तरतूद आहे: दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी सबळ कारणाशिवाय वापरली नाही, तर ताबा जाऊ शकतो. पण पुढचा सल्ला घातक होता. एजंट म्हणाला, अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करा, ते भाडे नव्हेच, त्यात पोटभाडेकरूचा प्रश्नच येत नाही. ऑफिसात नोकरी करणारी दोन मुले आली, महिना बारा हजार, पन्नास हजार डिपॉझिट. करार रीतसर ऑनलाइन नोंदवला. परवानगी देणारा म्हणून नाव आले भाडेकरूचे. पोलिसांना माहितीही दिली. सगळे कसे कायदेशीर, असे त्यांना वाटले.

कलम १६(१) चे ‘ई’ पोटकलम एकदा नीट वाचावे. त्यात पोटभाड्याने देणे आणि लायसन्सने देणे ही दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी बसली आहेत, आणि मुंबईपुरती त्याची तारीख आहे १ फेब्रुवारी १९७३. म्हणजे या तारखेनंतर भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय खोली लायसन्सवर दिली, तर ताबा घालवायला तेवढे पुरे. करार अकरा महिन्यांचा की तीन वर्षांचा, त्याने काही फरक पडत नाही. नोंदणी झाली म्हणून मालकाची संमती मिळाली असेही होत नाही. उलट नोंदवलेला करार म्हणजे मालकाच्या हाती आयता पुरावा.

मालकाने नोटीस दिली आणि दावा लावला. त्याने दोन कारणे घातली. पहिले, ‘जी’ पोटकलमाखाली, धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जागा पुरत नाही, तेव्हा ही खोली वाजवी आणि प्रामाणिक गरजेसाठी हवी. दुसरे, पोटभाडेकरू. नोटीस हातात पडताच आमच्या भाडेकरूंनी त्या दोन मुलांना बाहेर काढले, आईला परत आणून खोलीत बसवले आणि कैफियतीत लिहिले, ती मुले आमच्या गावची, पाहुणे म्हणून राहिली होती.

गरजेच्या मुद्द्यावर मालकाचे काही चालले नाही. त्याचे म्हणणे असे की मालकाने कसे राहावे हे भाडेकरू ठरवू शकत नाही. ते बरोबर आहे, सर्वोच्च न्यायालयानेही मालक हाच आपल्या गरजेचा उत्तम जाणकार असे म्हटले आहे. पण उलटतपासणीत निघाले की दाव्याच्या वर्षभर आधी तळमजल्याची एक खोली रिकामी झाली होती आणि ती त्याने पागडी घेऊन एका दुकानदाराला दिली. मुलाच्या लग्नाची बोलणी तेव्हाही चालू होती. गरज प्रामाणिक नाही, असा निष्कर्ष निघाला. निघाला नसता तरी पुढे कलम १६ चे दुसरे उपकलम होते: ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास हा ताबा न दिल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त असेल, तर ‘जी’ खाली हुकूमनामा होत नाही. दोघांनाही दुसरी जागा उपलब्ध आहे का, हे त्यात पाहिले जाते. डोंबिवलीचा फ्लॅट भाडेकरूच्या विरुद्ध गेला असता, हे मान्य, पण मालकाच्याही हातून एक खोली सुटली होती. जागेचा काही भागच देऊन भागत असेल तर तेवढ्याचाच हुकूम करावा असेही कायदा सांगतो. पावणेदोनशे फुटांत तो प्रश्न उद्भवत नाही.

भाडेकरूंच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले असणार. पण निकाल अजून संपला नव्हता.

त्रासाचा तराजू फक्त ‘जी’ साठी आहे. ‘ई’ साठी तो नाही. पोटभाडेकरू सिद्ध झाला की आई म्हातारी आहे, मुलाचे कर्ज आहे, मालक लबाड आहे, यातले काहीही मोजले जात नाही. दोन्ही कारणे स्वतंत्र उभी असतात, एक पडले म्हणून दुसरे पडत नाही. मालकाने नोंदणी कार्यालयातून लिव्ह अँड लायसन्सची प्रमाणित प्रत आणून दाखल केली. तिच्यावर भाडेकरूची सही, फोटो, अंगठा. ‘पाहुणे’ ही कैफियत तिथेच बुडाली. एरवी पोटभाडे सिद्ध करणे सोपे नसते, कारण हे व्यवहार गुपचूप होतात. म्हणून कोर्टे असे धरतात: तिसऱ्याचा जागेवर एकट्याचा ताबा आहे एवढे मालकाने दाखवले की तो तिथे कसा आला हे सांगायची जबाबदारी भाडेकरूवर येते. समाधानकारक खुलासा आला नाही तर पैसे घेतले असेही गृहीत धरता येते. इथे तर गृहीत धरायचीही वेळ आली नाही, आकडा करारातच होता.

राहिला प्रश्न आईला परत आणून बसवल्याचा. याचा उपयोग होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने गजानन दत्तात्रय विरुद्ध शेरबानू होसांग पटेल या प्रकरणात १९७५ मध्येच, जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली, सांगून ठेवले आहे. नोटिशीच्या दिवशी बेकायदा पोटभाडे होते एवढे सिद्ध झाले की पुरे, दाव्याच्या वेळी ते चालू असायला हवे असे नाही. अनेक वकील आजही अशिलाला ‘आधी पोरांना काढा’ म्हणतात. काढावे, पण झालेली गोष्ट पुसली जाते असे सांगू नये.

दोन न्यायाधीशांपुढे अपील झाले, तेही फेटाळले गेले. हायकोर्टात रिव्हिजन केली, तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. जागा सोडायला मुदत मिळाली, ती बाहेरच्या कोणाला ताबा न देण्याच्या लेखी हमीवर.

आता मला खटकणारी गोष्ट. गरजेवर जागा मिळवणाऱ्या मालकावर कायदा लगाम ठेवतो. ताबा मिळाल्यावर एक महिन्यात तो राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कोर्टात जाऊन जागा परत मागू शकतो. पोटभाड्याच्या हुकुमावर असा कोणताही लगाम नाही. मालक दुसऱ्या दिवशी ती खोली पागडीने विकू शकतो. म्हणूनच हुशार मालक गरजेचा दावा नावापुरता लावतो आणि सारा जोर ‘ई’ वर ठेवतो. ज्याला खरेच मुलासाठी खोली हवी आहे त्या मालकाला तराजूतून जावे लागते, ज्याला फक्त रोख रक्कम हवी आहे त्याला नाही. हे उलटे आहे, असे माझे मत. पोटभाडेकरू ठेवून दोनशे रुपये भाड्याच्या खोलीवर बारा हजार कमावणाऱ्याचा मला कळवळा नाही. त्याच्यासाठी तराजू नकोच. पण वर्षभर पुन्हा भाड्याने न देण्याची अट ‘ई’ च्या हुकुमालाही लावावी, एवढे विधिमंडळाला सहज करता येईल.

ज्यांना चाळ सोडून उपनगरात जायचे आहे त्यांनी काय करावे? मालकाची लेखी संमती घेऊन भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यावा. मालक आपला हिस्सा मागतो, तो द्यावा लागतो, पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ मुळे असे पैसे घेणे-देणे आता गुन्हा राहिलेला नाही. तोंडी संमतीवर विसंबू नये. मालक मेला की वारस ओळख देत नाहीत. नातेवाईक ठेवायचा असेल तर खोलीवर आपला ताबा आणि वावर खरोखर राहिला पाहिजे: आपले सामान, आपली किल्ली, आपले येणे-जाणे, आणि पैशांचा व्यवहार नाही. भाडेकरू स्वतः राहत असलेल्या जागेचा भाग देऊन ठेवलेला पेइंग गेस्ट कायद्याच्या लेखी वेगळा. भाडेकरूनेच बिऱ्हाड हलवले की ती सबब संपली.

आणखी एक. लिव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणीत परवानगी देणारा मालक आहे की भाडेकरू, आणि भाडेकरू असेल तर मालकाचे संमतिपत्र आहे का, असा ठळक प्रश्न विचारला जावा. नोंदणी विभागाने मालकी तपासावी असे मी म्हणत नाही, ते त्याचे काम नाही. पण त्या एका प्रश्नाने सही करणारा माणूस क्षणभर थांबेल आणि एजंटाला दोन प्रश्न विचारेल.

आपला,
एक निवृत्त वकील-कारकून, गिरगाव