खुले पत्र: जीएसटी १८ वरून ५ वर आला, मग बाटली २३६ लाच कशी?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल आणि अंगाच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घरखर्च हलका होईल असं आपल्या सरकारने सांगितलं आणि लोकांनी विश्वास ठेवला. माझ्यासमोर आत्ता दोन बिलं आहेत, दुकान एकच, शाम्पूची बाटलीही तीच. एक बिल कपातीआधीचं, २३६ रुपयांचं. दुसरं कपातीनंतरचं, तेही २३६ रुपयांचंच. विचारल्यावर उत्तर मिळालं, "आता पाचच टक्के जीएसटी लावलाय, बिलावर बघा ना." बिलावर खरंच ५ टक्के लिहिलेलं आहे. माणूस ते वाचतो आणि गप्प बसतो, कारण कर धरून आलेल्या रकमेतून मूळ किंमत कशी काढायची हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते इथे आधी मांडतो, कारण माझी तक्रार त्या गणितावरच उभी आहे.

बहुतेक जण २३६ मधून सरळ १८ टक्के वजा करतात. २३६ चे १८ टक्के होतात ४२.४८, म्हणजे उरले १९३.५२. आता पडताळा पाहा. १९३.५२ वर १८ टक्के कर लावला तर बेरीज येते २२८.३५. २३६ काही परत येत नाही. कारण साधं आहे. कर लागला होता मूळ किमतीवर, आणि आपण टक्केवारी काढली कर मिळवलेल्या रकमेवर. म्हणजे कराचेही १८ टक्के आपण वजा करून बसलो. दर जितका मोठा तितकी ही चूक मोठी. ५ टक्क्यांना ती जेमतेम जाणवते. १८ टक्क्यांना शंभर रुपयांच्या बिलामागे पावणेतीन रुपयांची होते, आणि ४० टक्क्यांच्या वस्तूवर साडेअकरा रुपयांच्या आसपास जाते.

बरोबर रीत अशी:

```
मूळ किंमत = करासहित रक्कम × १०० ÷ (१०० + दर)
कर = करासहित रक्कम × दर ÷ (१०० + दर)
```

दुसरी ओळ माझी नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ३५ व्या नियमात हेच सूत्र आहे. त्यात दर म्हणजे सगळ्या दरांची बेरीज धरायची. बिलावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असे वेगळे छापलेले असले तरी भागायचं ११८ नेच. आधी १०९ ने आणि मग पुन्हा १०९ ने भागणारे मी पाहिले आहेत, तेही चूक. तोंडी करायचं असेल तर ५ टक्क्यांच्या मालात कर म्हणजे बिलाचा एकविसावा भाग. १८ टक्क्यांच्या मालात रकमेला ५९ ने भागून ९ ने गुणायचं.

आता पहिलं बिल. २३६ भागिले ५९ म्हणजे ४, गुणिले ९ म्हणजे ३६. कर ३६ रुपये, मूळ किंमत २००. त्याच २०० वर ५ टक्के लावले की बाटली २१० ला पडायला हवी.

इथे एक गोष्ट ग्राहकांनाही सांगायला हवी, नाहीतर खरी तक्रारसुद्धा खोटी पडते. दर १३ टक्क्यांनी उतरला म्हणून किंमत १३ टक्क्यांनी उतरत नाही. २३६ मधून १३ टक्के कमी करून २०५.३२ मागणारा ग्राहक चुकतोय, आणि दुकानदार त्याला खोटं ठरवून मोकळा होतो. योग्य उतार २६ रुपयांचा, म्हणजे ११ टक्क्यांच्या किंचित वर. तसंच २८ वरून १८ वर आलेल्या एसीची किंमत दहा टक्के नाही, ७.८ टक्के उतरायला हवी. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लोकांपर्यंत पोहोचवणं तुमच्या खात्याला जड नव्हतं. तुम्ही दर जाहीर केले, उतार किती व्हायला हवा ते सांगितलं नाही.

आता दुसरं बिल. २३६ भागिले २१, कर ११.२४. मूळ किंमत २२४.७६. दोन्ही बिलं शेजारी ठेवा. आधी सरकारला ३६ रुपये जात होते, आता ११.२४ जातात. सरकारने २४.७६ रुपये सोडले. मूळ किंमत २०० वरून २२४.७६ झाली, म्हणजे विकणाऱ्यांच्या साखळीत नेमके तेच २४.७६ जिरले. ग्राहकाच्या खिशात एक पैसाही आला नाही. आणि बिल तर निर्दोष दिसतं! दर बरोबर, बेरीज बरोबर. उलटं गणित केल्याशिवाय हे दिसतच नाही.

हे पैसे कंपनीने ठेवले, वितरकाने की दुकानाने, हे या दोन बिलांवरून कळणार नाही, हेही मी मान्य करतो. त्याच दिवसांत कच्चा माल महागला असेल तर तेही बिलात दिसत नाही. पण "आमचा माल जुना, १८ टक्के भरून घेतलेला" हे कारण मी मान्य करणार नाही. बिलावर जीएसटी लावणाऱ्या नोंदणीकृत दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याच्या खात्यावर जमा असतो आणि तो पुढच्या करातून वळता करता येतो. दर ठरतो विक्रीच्या वेळेचा, खरेदीच्या वेळेचा नाही. "छापील किंमतच २३६ आहे" हेही कारण होत नाही. छापील किंमत ही कमाल किंमत आहे, त्याखाली विकायला कुणाचा हात धरलेला नाही. जुन्या साठ्यावर नवी चिठ्ठी लावणं ऐच्छिक ठेवलं तुम्ही, आणि त्याची किंमत मोजली आम्ही.

सवलत असेल तर आणखी सावध राहावं लागतं. समजा कपातीआधी दुकान या बाटलीवर १० टक्के सूट देत होतं. म्हणजे ग्राहक २१२.४० देत होता, त्यात मूळ किंमत १८० आणि कर ३२.४०. बिलातच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, म्हणून उलटं गणित छापील किमतीवर नाही, प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर करायचं. आज ती बाटली १८९ ला हवी. दुकान मात्र २१० घेतं आणि वर "जीएसटी कपातीचा पूर्ण लाभ" अशी पाटी लावतं. पाटी पाहणाऱ्याला वाटतं २६ रुपये वाचले. खरं तर २१० मधली मूळ किंमत २०० आहे, म्हणजे १८० वर २० रुपये चढले. सूट काढून घेतली आणि तिलाच करकपात म्हटलं.

हे सगळं जमतं ते एकाच वस्तूचं बिल असेल तर. घरचं बिल असतं मिसळलेलं. २१० चा शाम्पू ५ टक्क्यांत आणि २३६ ची कपडे धुण्याची पावडर १८ टक्क्यांत, एकूण ४४६. याला ११८ ने भागलं तर मूळ किंमत ३७७.९७ येते, १०५ ने भागलं तर ४२४.७६. खरी आहे ४००. नुसत्या बेरजेवरून हे सुटणारच नाही. बिलावर निदान एकूण कर ४६ छापलेला असेल तर वाट सापडते. ४०० वर सगळा ५ टक्के असता तर कर २० झाला असता. वरचे २६ आले ते १३ टक्क्यांच्या फरकामुळे, आणि २६ भागिले ०.१३ म्हणजे २०० रुपयांचा माल १८ टक्क्यांतला. पण खाली फक्त "सर्व करांसह" असं लिहून सोडलेल्या बिलाचं काय करायचं? केंद्रीय जीएसटी कायद्याचं ३३ वं कलम सांगतं की करबिलावर कराची रक्कम ठळक दाखवलीच पाहिजे. कितीतरी गल्ल्यांवर ते पाळलं जात नाही, हे तुमच्या अधिकाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि आता मूळ दुखणं. याच कायद्यात १७१ वं कलम आहे. दर उतरला की त्या प्रमाणात किंमत उतरवून तो लाभ ग्राहकाला दिलाच पाहिजे, असं ते सांगतं. त्यासाठी २०१७ मध्ये वेगळं प्राधिकरण उभं राहिलं. १ डिसेंबर २०२२ पासून ते काम स्पर्धा आयोगाकडे गेलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे. आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणंच बंद केलं. त्यानंतर पावणेसहा महिन्यांतच आपण इतकी मोठी दरकपात केली. कलम पुस्तकात राहिलं, दार मात्र आधीच लावून घेतलं. ज्या दिवशी या कलमाची सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवशी दाद मागायला जागाच नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते हे मला माहीत आहे. पण तक्रार नोंदवून घेणं वेगळं, आणि हिशेब मागून पैसे परत करायला लावणं वेगळं. कर भरायला एक दिवस उशीर झाला की व्याज लागतं. आमचे २४.७६ रुपये कुठे गेले ते विचारायला मात्र खिडकी नाही. ही व्यवस्था कुणाच्या बाजूने उभी आहे, याचं उत्तर मला आपल्याकडूनच हवं आहे.

मागण्या तीनच आहेत. जिथे दर उतरला तिथे नव्या तक्रारी घेणं पुन्हा सुरू करा. मिसळलेल्या बिलावर दरवार करपात्र रक्कम आणि कर न छापणाऱ्यांवर कारवाई करा. आणि पुढच्या वेळी दर बदलाल तेव्हा त्याच अधिसूचनेसोबत जुन्या करासहित किमतीवरून नवी किंमत काढण्याचा तक्ता द्या. ११८ ची वस्तू १०५ ला आणि १२८ ची ११८ ला, अशा साध्या ओळी त्यात पुरतील.

दोन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. प्रत्येकीवर मूळ किंमत मी पेनने लिहिली आहे: पहिलीवर २००, दुसरीवर २२४.७६.

आपला,
एक ग्राहक