स्वतःचंच लिहिलेलं, मग चोरी कोणाची?

संपादक महोदय,

कॉपीबद्दलची पत्रं तुमच्याकडे येत असतात, त्यात बहुतेक वेळा दुसऱ्याचं ढापणारे असतात. मी स्वतःचंच ढापलं, म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

झालं असं की दुसऱ्या सेमिस्टरला मी मोबाईल आणि झोप यावर एक प्रोजेक्ट केला होता. ४० विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घेतले, मार्क चांगले पडले. चौथ्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीच्या पेपरला १८०० शब्दांचा रिपोर्ट द्यायचा होता, आणि डेडलाईनच्या आदल्या रात्री मी जुनी फाईल उघडली, प्रस्तावना, आधीच्या अभ्यासांचा आढावा आणि डेटा उचलला, शेवट नवीन लिहिला आणि सबमिट केलं. खरं सांगू का, तेव्हा जराही अपराधी वाटलं नाही, माझंच तर होतं.

सिमिलॅरिटी रिपोर्ट आला ४३ टक्के. आता हा आकडा म्हणजे ४३ टक्के चोरी असं नसतं बरं का. सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं, त्यात संदर्भसूची येते, अवतरणातली वाक्यं पण येतात. मॅडमनी संदर्भसूची वगळून पाहिलं तर ३६ उरले, म्हणजे साधारण साडेसहाशे शब्द, आणि सगळे एकाच रंगात, एकाच सोर्सवरून: माझाच आधी जमा केलेला पेपर. मित्र म्हणाला, येड्या, शब्द फिरवायचे ना, आठ टक्क्यांवर आला असता. आला असता, हो. पण डेटा तोच राहिला असता की! या पेपरचे मार्कच मुळात प्रश्नावली बनवणं, माणसं गाठणं, फॉर्म तपासणं याचे होते आणि ते काम मी या सेमिस्टरला केलंच नव्हतं. एकाच कामाचे दोनदा मार्क घेत होतो आणि मॅडमना वाटत होतं हे नवीन आहे. गडबड इथे आहे, शब्द कोणाचे यात नाही.

त्या घटकाला फक्त पासिंगपुरते मार्क मिळाले आणि वर एक निबंध लिहायला सांगितला, काय केलं आणि का केलं. पहिला ड्राफ्ट म्हणजे नुसती कारणं होती, वेळ नव्हता, नियम माहीत नव्हता वगैरे. मॅडमनी परत दिला आणि म्हणाल्या, दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाच आधी.

वाचले. जुन्या पेपरवर आधीच्या सरांनी एका वाक्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, "हा सहसंबंध आहे, कारण नव्हे." माझं वाक्य होतं की मोबाईलमुळे झोप कमी होते. पण एकदाच फॉर्म भरून घेतल्यावर एवढंच कळतं की दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात घेणारे पण असणारच. सरांनी दाखवलेली ती चूक मी नंतरच्या वर्षभराच्या शिक्षणात एकदाही न सुधारता जशीच्या तशी पेस्ट केली होती.

आढाव्यात अजून एक निघालं. तीन अभ्यासांचे दाखले असे होते जे मी कधी वाचलेच नव्हते, एका लेखात त्यांच्याबद्दल वाचून थेट मूळ लेखकांचं नाव टाकलेलं आणि त्या लेखाचा उल्लेखच नाही. म्हणजे माझं माझं म्हणत जे उचललं त्यातलं थोडं तर माझंही नव्हतं. त्या वेळी रिपोर्टमध्ये ते सापडलं नाही, कारण वाक्यरचना मी बदलली होती.

जुनं काम वापरायचंच नाही असं नाही हां. आधी विचारायचं, किती आणि काय घेतलंय ते लिहायचं, आणि स्वतःच्या जुन्या पेपरचा संदर्भ दुसऱ्याचा देतो तसाच द्यायचा. यावेळी मी तसं मेल करून विचारलं. मॅडम हो म्हणाल्या, अट एकच, प्रश्न नवा हवा आणि जुना पेपर सोबत जोड.

म्हणून ते ४० फॉर्म परत काढले. चार जणांनी झोपेच्या प्रश्नाचं उत्तरच दिलेलं नाही आणि मी त्यांना वेळेवर झोपणाऱ्यांत मोजलंय! उशिरा झोपणारे ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के असं लिहिलं होतं, ते खरं ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के होतं. चुकीचं टेबल दोन्ही पेपरांत आहे. दुसऱ्या सेमिस्टरच्या सरांना मी तसं कळवलंय, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपला वाचक,
एक विद्यार्थी