वायरमन अण्णांना, टीसीसमोरच्या घरातून

वायरमन अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात तुम्ही किती खांबांवर चढला असाल, त्यातलंच आमचं एक गाव. टीसीच्या, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरच्या समोर कौलारू घर, दारात फणस. त्या घरातली तेव्हाची धाकटी सून मी. आता आजी झाले. मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय, मधेमधे "आजी, खरंच असं झालं का गं?" म्हणून थांबतेय, त्यामुळं पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

लाईट आणली म्हणून आभार मानायचे तर ते सरकारचे. लाईट काय, आज ना उद्या सगळ्याच गावांत आली. त्या संध्याकाळी तुम्ही शेवटची गाडी सोडलीत आणि खांबावर चढलात, त्याचे आभार राहिलेत.

राज्याचं नाव 1973 साली म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. खांब महिनाभर आधी उभे राहिले होते. मग तुम्ही टीसीजवळ खड्डा खणवून घेतलात, माणूस उभा बुडेल एवढा खोल. त्यात भोकं पाडलेला लोखंडी पाईप उभा केलात आणि घराघरात कोळसा आणि खडे मीठ मागत फिरलात. आमच्या दारात आलात तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी कोळसा दिला, मीठ द्यायला नाही म्हणाल्या. तिन्हीसांजेला घरातलं मीठ बाहेर जात नाही, सकाळी या. तुम्ही हसून "आयतु, अव्वा" म्हणालात आणि खरंच सकाळी उजाडल्या उजाडल्या दारात उभे. तेव्हापासून सासूबाईंचं तुमच्याबद्दल मत चांगलं झालं. नाहीतर खांबवाल्या माणसांना त्या ओसरीवरसुद्धा टेकू देत नव्हत्या.

एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, असं करत खड्डा भरलात. आमच्या जावेला वाटलं काहीतरी उतारा चाललाय. मग तुम्हीच सांगितलंत, टीसीची एक तार या पाईपातून जमिनीला बांधलेली असते, आणि जमीन ओली असली तरच ती बांधलेली राहते. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतात. "उन्हाळ्यात नीरु हाकी, अक्का," असं मला बजावून सांगितलंत. घर समोरच, म्हणून ते काम माझ्या वाट्याला आलं.

लाईट चालू करायच्या दिवशी साहेब लोक जीपमधून आले. देवळासमोर मांडव, उप्पीट, चहा, भाषणं. देवळावर रंगीत बल्बांच्या माळा सोडल्या होत्या, हौसेनं इतक्या की कळस दिसत नव्हता. घरांत मात्र लाईट थोडीच होती. भाग्यज्योतीची फुकट लाईट पुष्कळ नंतर आली, तेव्हा डिपॉझिट भरेल त्याच्याच घरी वायर जायची. आमच्या गल्लीत तर तीनच घरं. आमच्या घरात एकच बल्ब, माजघराच्या तुळईला. लाकडी पट्टीवरून वायर, खाली काळं गोल बटण.

दिवस मावळताना बटण दाबलं आणि माजघर पिवळं झालं. माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा. तो बल्बकडं बघतच नव्हता, भिंतीकडं बघत होता. चिमणीच्या उजेडात सावल्या सारख्या हलतात, त्याला तेच ठाऊक. आपली सावली भिंतीवर गप्प उभी राहिली म्हणून पोर घाबरून मला चिकटलं. हात हलव म्हटल्यावर सावलीनं हात हलवला, तेव्हा कुठं हसलं.

साहेबांची जीप गेली. लोक घरोघरी लाईट बघत हिंडत होते. आणि एकाएकी आमचा बल्ब पांढराफेक झाला, डोळ्यांना सोसेना असा. आम्ही खूष! शेजारच्या घरातही तसंच. तिकडून देवळाच्या गल्लीतली माणसं तरातरा आली. त्यांच्याकडं माळा निखाऱ्यासारख्या लाल पडल्या होत्या, नुसती तार तांबूस दिसत होती. एकानं सरळ विचारलं, तुमच्या गल्लीनं वायरमनला काय चारलंय, म्हणून सगळा करंट इकडं वळवलाय? भांडण जुंपायच्या बेतात होतं. तेवढ्यात आमचा बल्ब फट् करून गेला.

तुम्ही गाडीची वाट बघत फाट्यावर उभे होतात. गावाकडं बघितलंत, अर्धं गाव पांढरं आणि अर्धं लाल, आणि गाडी समोर येत असताना पळत माघारी आलात. कंडक्टर हाका मारत होता म्हणे. माझे दीर फुटलेला बल्ब काढायला होल्डरला हात घालत होते. तुम्ही ओसरीवरूनच ओरडलात, "मुट्टब्याड्री!" एवढा मऊ बोलणारा माणूस असा ओरडू शकतो हे बघूनच दीर मागं सरकले. मग गल्लोगल्ली पोरं पिटाळलीत, सगळ्यांनी बटणं बंद करा म्हणून.

झालं काय होतं, ते मला तेव्हा अर्धंच कळलं. थोरला मोठा होऊन आयटीआयला गेला, तेव्हा त्यानं कागदावर काढून दाखवलं. टीसीतून गावात चार तारा येतात. तीन तारांवर करंट येतो, एकेक तार एकेका गल्लीला वाटून दिलेली. चौथी सगळ्यांची मिळून, परत जायची, तिला न्यूट्रल म्हणतात. ती धड असली की प्रत्येक घराला 230 व्होल्टचा दाब मिळतो, मग कुणाकडं एक बल्ब असो की शंभर. पण न्यूट्रल तुटली की परतीची वाटच बंद. मग एका गल्लीचा करंट दुसऱ्या गल्लीच्या बल्बांतून वाट काढतो, आणि दोन तारांमधला 400 चा दाब त्या दोघींत वाटला जातो, तोही बरोबरीनं नाही. जिथं दिवे जास्त तिथं दाब कमी, जिथं दिवे मोजके तिथं भरमसाट. देवळावर माळाच माळा, म्हणून ते लाल. आमच्यात तीन बल्ब, म्हणून आमचे पांढरे होऊन फुटले. आणि अशा वेळी त्या न्यूट्रलमध्ये, जिला एरवी कुणी भीत नाही, तिच्यातही झटका असतो. दिरांना तुम्ही का ओरडलात ते त्या कागदावरून कळलं.

तुमच्या पिशवीत दोन बल्ब एकामागोमाग जोडलेली वायर होती. एकच का नाही, असं मी विचारलं होतं. चुकून दोन करंटच्या तारांना लागली तर एकटा बल्ब फुटेल, दोघं मिळून 400 झेलतात, म्हणालात. टीसीपाशी तुम्ही ती वायर न्यूट्रल आणि एकेका तारेला लावून बघितलीत. तिन्हींवर सारखाच मंद उजेड. म्हणजे टीसी बरा होता. मग पुढच्या खांबावर शिडी लावून तेच केलंत. तिथं मात्र एकीवरही बल्ब लागेना. म्हणजे दोष या दोन ठिकाणांच्या मधे. गावातली एवढी माणसं खाली उभी राहून माना वर करून बघत होती, आणि तुम्ही घाई न करता एकेक जागा वगळत होता.

मग टीसीवरचं हँडल ओढून सगळी लाईट घालवलीत. कंदील मागितलात. नवीन लाईट आली म्हणून कंदील कुणीच लावले नव्हते! आमच्या सासूबाईंनी तेवढा लावून ठेवला होता, त्यांचा भरवसा नव्हता. मी तो बांबूला अडकवून वर धरला, आणि दोराचा पट्टा कमरेला बांधून तुम्ही चढलात. सापडलं ते पहिल्या खांबावरच्या जंपरमध्ये. टीसीकडून आलेली न्यूट्रल जिथं लाईनला जोडतात, तिथला नट ढिला राहिला होता. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले, जोड तापला, वारा आला तशी तार सुटली. तार जोडणाऱ्यानं घाई केली असणार. तुम्ही कुणाचं नाव घेतलं नाहीत, मीही घेत नाही. ॲल्युमिनियमवर जो मळकट थर बसतो तो कानशीनं चकाकेपर्यंत घासलात, कारण वर मळ असला तर नट कितीही पिळा, जोड पुन्हा तापतो. मग आवळलात.

खाली उतरल्यावर लगेच लाईट सोडली नाहीत. आधी देवळातल्या माळा निम्म्या काढायला लावल्यात. त्या लोकांचं तोंड पडलं, पण कुणी बोललं नाही. मग हँडल वर केलंत आणि पुन्हा पुढच्या खांबावर दोन बल्बांची वायर लावलीत. तिन्हींवर सारखा उजेड. त्यानंतरच एकेका गल्लीला बटणं लावायला सांगितलंत. आमच्याकडं लावायला बल्बच नव्हता, तर पिशवीतला तुमचा काढून दिलात. पैसे विचारले तर मान हलवलीत. त्या रात्री आमच्याकडं नाचणीची भाकरी आणि आमटी खाऊन ओसरीवर झोपलात. सासूबाईंनी स्वतः घोंगडं आणून दिलं, हे मी बघितलंय म्हणून सांगते.

सकाळी जाताना मला म्हणालात, अक्का, कधी लाईट अचानक लखलखीत झाली तर खूष व्हायचं नाही, आधी मेन बंद करायचं. त्या बोलण्याचा उपयोग पुष्कळ वर्षांनी झाला. वळवाच्या पावसात फांदी पडली आणि ट्यूब एकदम भगभगली, पंखा सुसाट. मी धावत जाऊन मेन खाली ओढला आणि पोरांना गल्लीत ओरडत पाठवलं. पुढच्या दोन घरांचे टीव्ही वाचले. पलीकडचा एक शेतात होता, त्याचा फ्रिज गेला.

तुम्ही आता ऐंशीच्या घरात असाल. हे तुमच्या मुलानातवंडांपैकी कुणी वाचलं तर त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावं, कन्नडात सांगावं लागलं तर तसं. आणि जमलं तर गावाला या. टीसी आता मोठा बसवलाय, भोवती जाळी आहे, पण पाईपाचं तोंड जाळीच्या कडेला आहे. चैत्र-वैशाखात त्यात पाणी घालायचं काम अजून आमच्याच घराकडं आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून हल्ली धाकटी सून घालते. वायरमन नवीन आला की मी त्याला आधी विचारते, जंपर आवळलास का? तो म्हणतो, आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी तुमचं सांगते.

बल्बाचे पैसे मात्र अजून आमच्याकडं राहिलेत. आलात की घेऊन जा.

तुमची,
टीसीसमोरच्या घरातली अक्का