साठा संपला म्हणून प्रॉडक्टचं पान उडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कोकम आगळाचं जुनं पान रिव्ह्यूंसकट परत मिळण्याबाबत

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला घेतलं आहे.

कोकम उन्हाळ्यात पिकतं. आगळ तेव्हाच काढून ठेवतो. ते संपलं की पुढच्या हंगामापर्यंत साठा शून्य. अशा वेळी पान जागेवर राहून त्यावर 'सध्या उपलब्ध नाही' दिसायला हवं आणि खरेदीच्या बटणाऐवजी 'आल्यावर कळवा' यायला हवं. तुमच्या अपडेटनंतर मात्र 'साठा संपल्यावर लपवा' हे सेटिंग आम्हाला न विचारता चालू झालं आणि `/products/kokum-agal` उघडलं की 404 येऊ लागलं. पान बराच काळ 404 देत राहिलं की गूगल ते शोधातून काढून टाकतं, हे दुकानांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना माहीत नाही?

ते सेटिंग बंद करा, एवढंच मी सपोर्टला सांगितलं. तुमच्या माणसाने मला न विचारता प्रॉडक्टच डिलीट केलं आणि नवं तयार करून दिलं. पत्ता झाला `kokum-agal-1`. रिव्ह्यू प्रॉडक्टच्या आयडीला जोडलेले असतात, त्यामुळे नव्या पानावर एकही रिव्ह्यू नाही. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, माल चांगला असेल तर लोक परत लिहितील." मी म्हटलं, पित्ताचा त्रास असलेल्या एका आजींनी सोलकढीचं प्रमाण लिहिलं होतं, ते वाचून लोक बाटली मागवायचे, त्या आजींना मी पुन्हा लिहायला सांगू? तर म्हणे, "तुम्ही ट्राय करून बघा." वर सल्ला दिला, की जुनी लिंक होमपेजवर वळवा. आगळ शोधणाऱ्याला होमपेजवर नेऊन सोडलं, तर गूगल बहुतेक वेळा ते पान नसल्यातच जमा धरतं. जुन्या पत्त्यावरून 301 लावायचं ते माल कायमचा बंद झाला तर, आणि तेही त्याच्याशी मिळत्याजुळत्या प्रॉडक्टवर. आमचं आगळ बंद झालेलं नाही, फक्त संपलं आहे!

ज्या दुकानदारांनी साठा शून्य असताना पान चालू ठेवलं, त्यांच्याकडे वेगळाच घोळ आहे. पानावर 'उपलब्ध नाही' दिसतं, पण आतल्या स्ट्रक्चर्ड डेटात `InStock` तसंच राहतं. तिथे हे हवं:

```
"availability": "https://schema.org/OutOfStock"
```

बॅकअपमधून जुनं प्रॉडक्ट त्याच आयडीने आणि त्याच पत्त्यावर परत आणा, रिव्ह्यूंसकट. `kokum-agal-1` वरून त्या पत्त्यावर 301 लावा. लपवण्याचं सेटिंग मुळातच बंद ठेवा. आणि पुन्हा सांगते, आम्हाला विचारल्याशिवाय आमचं काहीही डिलीट करायचं नाही.

सुरुवातीपासून आम्ही तुमच्याकडेच आहोत, ओळखीच्या लोणची-पापडवाल्यांनाही तुमचंच नाव सांगितलं. यापुढे सांगणार नाही. या आठवड्यात रिव्ह्यू परत आले नाहीत तर सगळा डेटा एक्सपोर्ट करून दुकान दुसरीकडे हलवीन आणि ग्राहक आयोगाकडे जाईन.

एक दुकानदार, सिंधुदुर्ग