भाडेकरूच्या पंधरा दिवसांबद्दल

ती. बाबांस,
सा. न.

नवा भाडेकरू 1 जूनऐवजी 15 जूनपासून यायचं म्हणतोय, त्यावर काल फोनवर तुम्ही म्हणालात, "करारातल्या 1 जूनवर पेनाने 15 करू आणि शेजारी दोघांच्या सह्या घेऊ." तेवढं मात्र करू नका, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या मुलाची अडचण खरी वाटते. जुन्या घराची नोटीस 14 जूनला संपते, तोवर त्याला दोन्हीकडे भाडं भरावं लागेल. त्याने चावी घ्यायच्या आधीच सांगितलं, हे मला आवडलं. त्यामुळे तारीख पुढे न्यायला माझी हरकत नाही. फक्त ही विनंती त्याच्याकडून मेसेजमध्ये लेखी घ्या, आणि 15 जूनला तो आला नाही तरी भाडं त्या दिवसापासून चालू होईल, हे त्यातच त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आता कराराचं. नुसती सुरुवात बदलली आणि शेवट 30 एप्रिलच राहिला, तर अकरा महिन्यांचा करार साडेदहा महिन्यांचा होतो. म्हणून शेवटची तारीख 14 मे करायची. लॉक-इनची मुदतही सुरुवातीपासून मोजलेली असते, तिथेही तारीख लिहिलेली असेल तर ती बदला. भाडं दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत हे तसंच ठेवू. जूनचं 30 पैकी 16 दिवसांचं आणि शेवटच्या मे महिन्याचं 31 पैकी 14 दिवसांचं घ्यायचं. हे दोन हिशेब करारात शब्दांत लिहून घ्या, नाहीतर मे महिन्यात "अर्धं की पूर्ण" यावरून वाद होतो.

नोंदणी अजून झालेली नाही हे बरं आहे. एजंटला सांगून मसुद्यात तारखा बदलून घ्या, नवा मसुदा पहिल्या पानापासून वाचा, आणि मगच अंगठे द्या. जुनी तारीख एखाद्या कलमात हमखास राहून जाते. नोंदणी झाली असती तर पेनाच्या खाडाखोडीला काही अर्थ नव्हता, वेगळा दस्त करून तो पुन्हा नोंदवावा लागला असता.

अजून एक. तो म्हणेल, "काका, चार खोकी आधी आणून ठेवू का?" तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल, पण नाहीच म्हणा. सामान आत आलं म्हणजे एका परीने ताबाच दिल्यासारखं होतं, आणि हातात चालू झालेला करार नसतो. मध्ये नळ फुटला, काही हरवलं, तर कोणी भरायचं? चावी 15 तारखेलाच द्या, आणि त्याच्यासमोर वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

डिपॉझिट मिळालंय, ते तसंच राहू दे. नवा मसुदा आला की मला पाठवा, मी रात्री वाचून कळवतो. आईला नमस्कार.

तुमचा,
मोठा