नोंद प्रत्येक बिलाची, पैसे फक्त फरकाचे

मा. अर्थमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

एकाच समूहातल्या कंपन्यांनी एकमेकींची देशाबाहेरची बिले वळती करून फक्त फरक भरायचा, म्हणजे नेटिंग करायचे म्हटले, तरी आधी बँकेची परवानगी घ्यावी लागते. त्याविषयी हे पत्र.

चार कंपन्या घ्या. अ डॉलरमध्ये व्यवहार करते, ब युरोत, क पौंडात आणि ड येनमध्ये. रकमा युरोत धरू. या महिन्यात अ ने ब ला ४० लाख द्यायचे आहेत, ब ने क ला ३० लाख, क ने अ ला २५ आणि ड ला १५ लाख, तर ड ने ब ला १० लाख. एकूण १२० लाख. आता प्रत्येकीचे येणे-देणे वजा करा. अ ला १५ लाख आणि क ला १० लाख भरायचे उरतात. ब ला २० आणि ड ला ५ लाख मिळायचे. म्हणजे चलन बदलायचे ते फक्त २५ लाखांचे. बँकेच्या खरेदी-विक्री दरांतला फरक अर्धा टक्का धरला, तर ६०,००० युरोंचा खर्च १२,५०० वर येतो. पाठवणीचे शुल्क वेगळेच. बिले शेकड्यांनी असतात, पण नेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीची महिन्याला एकच उलाढाल होते.

पद्धत अशी. ठरलेल्या तारखेपर्यंत सगळ्या जणी आपली देणी समूहाच्या नेटिंग केंद्राकडे नोंदवतात आणि येणेकरी कंपनी ती तपासते. मग केंद्र सर्वांसाठी एकच दर गोठवते, लागणारे चलन खरेदी करते आणि सहसा दोन कामकाजी दिवसांनी पैसे फिरतात. गाडी अडते ती बहुधा दर गोठल्यानंतर. समजा त्याच वेळी क बाहेर पडली. तिची तीन बिले गळतात, अ चे देणे १५ वरून ४० लाखांवर जाते, ब चे येणे २० वरून ५० लाखांवर, आणि केंद्राने आधीच घेतलेले चलन कुणाच्याच आकड्याशी जुळत नाही. बँकेची परवानगी उशिरा आली की नेमके हेच होते. वादातले बिल मात्र पुढच्या महिन्यावर ढकलता येते. त्याने एवढे बिघडत नाही.

निर्यातीचे पैसे दडवले जातील, ही आपल्या खात्याची भीती अनाठायी नाही. बँकेला फक्त २० लाख आलेले दिसले, तर ब च्या ५० लाखांच्या निर्यातीचा माग कसा लागणार? म्हणून फरकाच्या रकमेसोबत बिलवार यादी सक्तीची करा आणि बँकेने आवक ५० व जावक ३० अशी नोंद घ्यावी. रॉयल्टी आणि व्याजावरचा कर पूर्ण रकमेवर आधी कापला जावा. उरलेलेच नेटिंगमध्ये यावे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली कंपनी मात्र वगळाच, कारण तिचा परिसमापक ही वजावट न्यायालयात उलटवू शकतो.

एवढ्या अटींवर, समूहाची एकदा नोंदणी झाली की वर्षभरासाठी सर्वसाधारण परवानगी द्यावी, ही विनंती.

आपले,
समूह कंपन्यांच्या ट्रेझरी विभागांत काम करणारे काही जण